सत्तावीस, एकोणतीस

माझ्या मुलाचा जीएसटी नंबर मला झोपेतून उठवून विचारा, पंधराच्या पंधरा अक्षरं एका दमात सांगेन. स्वतःचा मोबाइल नंबर सांगताना मात्र मी अजून मध्येच अडखळते आणि रिचार्जवाला हसतो.

भवानी पेठेत आमचं दोन खोल्यांचं घर आहे, खाली एक गाळा. वरच्या पुढच्या खोलीत माझं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर, फायलींचं कपाट आणि आल्यागेल्याला दोन खुर्च्या. यजमान कर सल्लागार होते. ते गेल्यावर लोकांना वाटलं, ही बाई आता करमाळ्याला माहेरी जाईल. मी बी.कॉम. झालेली आहे हे लोक विसरले होते, आणि खरं सांगायचं तर मीही विसरले होते. पण फायली घरातच होत्या, टॉवेल आणि चादरीवाले जिना चढून येतच होते. दोघाचौघांचं काम केलं, त्यांनी पुढच्यांना सांगितलं. आज चाळीसएक जणांची रिटर्न्स मी भरते.

नवीन माणूस आला की मी त्याला आधी त्याचा नंबर वाचायला शिकवते. नंबर दिसतो भयंकर, पण आहे सरळ. मधली दहा अक्षरं म्हणजे तुमचा पॅन, तो तुमच्याबरोबर जन्मभर. शेवटची तीन सरकारची सोय: एकाच पॅनवर त्या राज्यात हा कितवा नंबर ते, मग एक झेड आणि अगदी शेवटी तपासणीचं अक्षर, म्हणजे कुठे एखादा आकडा चुकला तर कॉम्प्युटरला कळावं. आणि पहिले दोन आकडे म्हणजे राज्य. जनगणनेत राज्यांना जे क्रमांक असतात तेच. वरून जम्मू-काश्मीरपासून एक, दोन, तीन करत खाली यायचं. गुजरात चोवीस, आपण सत्तावीस, कर्नाटक एकोणतीस, गोवा तीस, तेलंगण छत्तीस. धंदा दोन राज्यांत असेल तर नंबरही दोन घ्यावे लागतात. मधला पॅन तोच, पुढचं राज्य वेगळं.

मी म्हणते, बिल हातात आलं की आधी हे दोन आकडे बघा. गिऱ्हाईक सत्तावीसचं असेल तर कराचे दोन तुकडे, अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. दुसऱ्या राज्याचं असेल तर आयजीएसटी, एकच रकाना. सोलापुरात हे रोज लागतं. अक्कलकोट ओलांडून थोडं पुढे गेलं की एकोणतीस सुरू. हैदराबादची गाडी धरली की छत्तीस. लोकांची निम्मी सोयरीकच तिकडे, मग माल कसा नाही जाणार?

हे सगळं शहाणपण मी दुसऱ्यांना शिकवते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

माझ्या मुलानं खालच्या गाळ्यात सोलापुरी चादरी ऑनलाइन विकायचा धंदा काढला होता. नंबर मीच काढून दिला, पत्ता आमच्याच गाळ्याचा. दीड वर्षं चालला. चालला म्हणजे रडतखडत. मी काय केलं, तर दर महिन्याला त्याची बिलं एखाद्या अधिकाऱ्यासारखी समोर घेऊन बसायचे. हे कुठलं, ते का, एवढी कुरियरची बिलं कशाला. एका दुपारी मी म्हणाले, "तुझ्यापेक्षा शून्य विक्रीचे निल रिटर्नवाले बरे, निदान घोळ तरी घालत नाहीत." त्यानं गाळ्याचं शटर ओढलं आणि महिन्याभरात हुबळीला निघून गेला. तिकडे एका दुकानात नोकरी लागली म्हणाला. मी जिन्यात उभी राहिले, अडवलं नाही. माझ्या जिभेला हाड नाही हे मला माहीत आहे, पण त्या दिवशी ती नेमकी गप्प बसली.

धंदा बंद झाला की नंबर रद्द करायचा असतो. दुसऱ्या कुणाचा असता तर मी आठवड्यात अर्ज भरायला लावला असता. त्याचा ठेवला. म्हटलं, परत आला की लागेल, पुन्हा कोण नवा काढत बसणार. नंबर जिवंत ठेवायचा तर विक्री असो नसो, रिटर्न भरावं लागतं. सहा महिने भरलं नाही तर सरकारच रद्द करू शकतं. म्हणून तीन वर्षं मी त्याचं शून्याचं रिटर्न भरत आले.

आता खरी गोष्ट सांगते. रिटर्न भरताना शेवटी ओटीपी येतो, आणि तो नंबर ज्याच्या नावावर आहे त्याच्या मोबाइलवर येतो. म्हणजे मला त्याला फोन करावाच लागे. लहान धंद्यांना तीन महिन्यांतून एकदाच रिटर्न भरायची सवलत आहे. मी ती घेतली नाही, महिन्याचं ठेवलं. महिन्याला दोन रिटर्न्स असतात, विक्रीचं अकरा तारखेपर्यंत आणि कराचं वीस तारखेपर्यंत. वेळापत्रक जमवून दोन्ही एका दिवसात उरकता येतात. मी कधीच उरकली नाहीत. दोन रिटर्न्स, दोन ओटीपी, दोन फोन.

फोन असे व्हायचे:

"आला का रे?"

"थांब. हां. चार, शून्य, सात, सात, एक, नऊ."

"झालं बघ."

"बरं. जेवलीस का?"

"जेवले की. तू?"

"व्हय."

आणि मग तो ठेवायचा, कारण त्याच्या मागे नेहमी कुणीतरी कानडीत काहीतरी विचारत असायचं. त्याला कानडी चांगली येऊ लागली होती. कधीकधी तो मलाही चुकून कानडीतच "हां, हेळी", म्हणजे "हां, सांगा", म्हणायचा. मला त्या दोन शब्दांचा राग यायचा, हे आता सांगायला हरकत नाही.

या वर्षी उन्हाळा संपता संपता, एका पंधरा तारखेला, मी त्याचं वीस तारखेचं रिटर्न बघायला त्याच्या नंबरनं पोर्टल उघडलं. विकणारा आपल्या रिटर्नमध्ये जे दाखवतो ते घेणाऱ्याच्या खरेदीच्या पानावर आपोआप येतं; त्याच्या पानावर कधी काही नसायचं. त्या दिवशी एक ओळ होती. त्याच्या नंबरवर कुणीतरी माल विकला होता. टॉवेल. विकणारा म्हणजे माझंच एक गिऱ्हाईक, पेठेतलाच टॉवेलचा कारखानदार. सत्तावीसचा माल सत्तावीसला, कर अर्धा अर्धा.

मी खुर्चीवरून उठले, पाणी प्याले, परत येऊन बघितलं. ओळ तिथंच होती.

माझा मुलगा सोलापूरच्या नंबरवर सोलापुरात माल घेत होता. याचा दुसरा काही अर्थ मला सुचलाच नाही. तो परत येणार होता, आधी माल बोलून ठेवला होता, आणि आईला सांगितलं तर ती पुन्हा बिलं घेऊन बसेल म्हणून गप्प होता. कारखानदारही सामील असणार. कारण दहाच तारखेला त्यानं बिलांचे फोटो पाठवले होते आणि तो एक अक्षर बोलला नव्हता.

मला विचारता आलं असतं. एवढंच काय, त्या कारखानदाराचं विक्रीचं रिटर्न मीच भरलं होतं, शीट माझ्याच कॉम्प्युटरमध्ये होतं, एकदा उघडलं असतं तरी पुरलं असतं. नाही उघडलं. चाळीस लोकांच्या बिलांवर संशय घेऊन पोट भरणारी बाई मी, पण त्या ओळीवर मला संशय घ्यायचा नव्हता.

चार दिवस मी फार खुशीत होते. गाळ्याची किल्ली सापडेना म्हणून अख्खं कपाट उपसलं. शटरला तेल सोडलं. आत धूळ बोटभर, उंदरांनी कुरियरच्या पिशव्या कुरतडलेल्या. झाडून काढलं, दोनदा पुसलं. वायरमन बोलावून बटणं बघून घेतली. समोरची बाई म्हणाली, "भाड्यानं देताय वाटतं?" मी म्हणाले, "न्हाय ओ, घरातच लागनारय." हे बोलताना मला इतकं बरं वाटलं की मी तिला उगाचच चहाला थांबवलं. मनात ठरवलं होतं, या वेळी बिलांकडे ढुंकूनही बघायचं नाही. त्यानं विचारलं तरच सांगायचं.

एकोणीस तारखेला दुपारी तो कारखानदार जिना चढून आला. सात पिढ्या सोलापुरात, घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखीच मराठी. पाणी पिऊन त्यानं खिशातून एक बिल काढून टेबलावर ठेवलं.

"ताई, हे बघा की जरा. हुबळीची नवी पार्टी हाय, एजंटाकडून आलती. त्यांचा अकाउंटंट म्हनायलाय क्रेडिट दिसंना. आमी माल तर कवाच पाटवलाय."

क्रेडिट म्हणजे खरेदीवर भरलेला कर, जो पुढे आपल्या करातून वजा करून मिळतो. मी बिल हातात घेतलं. गिऱ्हाईक म्हणून कुठल्याशा दुकानाचं नाव होतं, लॉजला चादरी-टॉवेल पुरवणारं, मी कधी ऐकलेलं नाही. खाली नंबर. सुरुवात एकोणतीसनं. कर एकाच रकान्यात, आयजीएसटी. बिल अगदी बरोबर होतं. मग माझी नजर मधल्या दहा अक्षरांवर गेली.

पॅन माझ्या मुलाचा होता.

काय झालं होतं ते मला तिथंच कळलं. अकरा तारीख, शेवटचा दिवस, मी बिलांचे फोटो बघत एक्सेलच्या शीटमध्ये नंबर टाकत बसले होते. या बिलावर नजर नुसती मधल्या दहा अक्षरांवर पडली असणार, आणि ती दिसताच हातानं पुढचं मागचं आपोआप लिहिलं, तीन वर्षं महिन्यातून दोनदा लिहायचा तसं. सत्तावीसनं सुरू होणारं. दुसऱ्या कुणाचा नंबर असता आणि मी नुसता पुढचा आकडा चुकले असते, तर शेवटच्या अक्षराचा मेळ बसला नसता आणि कॉम्प्युटरनं अडवलं असतं. इथं कशाला अडवेल? मी लिहिलेला नंबर पूर्ण खरा होता, फक्त दुसऱ्या राज्यातला. शीटही मीच अशी बनवली आहे की पहिले दोन आकडे पडले की राज्याचा रकाना आपोआप भरावा. त्यानं भरला, महाराष्ट्र, आणि करही अर्धा अर्धा केला. हुबळीला गेलेले टॉवेल मी कागदावर परत भवानी पेठेत आणून ठेवले. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. माझ्या बाबतीत ते सरकारी पोर्टलवर दिसलं.

"काय झालंय ताई?"

"चूक माझीय," मी म्हणाले. "तुमचं बिल बरोबर हाय. मी रिटर्नमध्ये पार्टीचा नंबर चुकीचा टाकला, हितला. पुढच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये दुरुस्ती टाकते. मग त्यांना दिसंल."

"म्हंजे एक महिना थांबायचं त्यांनी?"

"थांबू दे की. मी सांगते त्यांना."

"तुमी कशाला? तुमी वळकता व्हय?"

मी म्हणाले, "वळकते थोडं." त्या बिचाऱ्यानं आणखी काही विचारलं नाही. चहा घेऊन गेला.

तो गेल्यावर मी पोर्टलवर पॅन टाकून शोधलं. एका पॅनवर कुठेकुठे नंबर आहेत ते तिथं कुणालाही बघता येतं. नव्या गिऱ्हाइकांचं मी हे नेहमी करते, त्याचं कधी केलं नव्हतं. दोन ओळी आल्या. सत्तावीस, चालू. एकोणतीस, चालू. कर्नाटकातल्या नंबरला तीन महिने झाले होते. त्या तीन महिन्यांत आम्ही सहा वेळा बोललो होतो आणि सहाही वेळा त्यानं मला फक्त आकडे वाचून दाखवले होते.

मला राग आला नाही, हे मला विचित्र वाटलं. इतकं एकटं मला यजमान गेले तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान घर माणसांनी भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी वीस तारीख. त्याचं रिटर्न उघडलं, आपोआप आलेलं ते टॉवेलचं क्रेडिट पुसून शून्य केलं. ते त्या नंबरचं नव्हतंच. मग ओटीपीचं बटण दाबलं आणि फोन लावला.

"हां आई. थांब, आला नाही अजून."

"येऊ दे. दुकान कसं चाललंय?"

पलीकडे कुणीतरी कानडीत काही विचारलं, त्यानं त्याला गप्प केलं असावं.

"तुला कोण बोललं?"

"कुणी न्हाय. तुझे टॉवेल मीच चुकीच्या नंबरावर टाकले. क्रेडिट म्हणूनच दिसत न्हाय तुझ्या अकाउंटंटला. पुढच्या महिन्यात दिसंल, सांग त्याला."

तो म्हणाला, "एजंटानं माल कुणाचा उचलला ते मला बिल आल्यावर कळलं. म्हटलं, आता तुला कळणारच. रोज वाट बघत होतो."

"आधी सांगायचं होतंस."

"सांगणार होतो आई. दुकान नीट चाललं की मग सांगणार होतो. आधी नको वाटलं."

का नको वाटलं ते मला विचारायची गरज नव्हती. मी विचारलं ते वेगळंच. "मग हितला नंबर कशाला ठेवला? तुला लागणार नव्हता तर सांगायचं, मी रद्द केला असता."

"तू फोन करायचीस की," तो म्हणाला. "मला वाटलं, नंबर गेला तर तू कशासाठी करशील?"

मी इतकी वर्षं समजत होते की ही चलाखी एकटी माझीच आहे.

ओटीपी एव्हाना येऊन त्याची मुदत संपली होती. पुन्हा मागवला, त्यानं वाचला, शून्याचं रिटर्न गेलं. मी म्हणाले, "आता रद्द करू या का रे?" त्याला म्हणायला लावायचं नव्हतं, म्हणून मीच म्हणाले. तो म्हणाला, "तुला काय वाटतं?" मला काय वाटतं ते सांगितलं असतं तर त्यानं आणखी तीन वर्षं आकडे वाचले असते. म्हणाले, "कामाचा नसलेला नंबर ठेवू नये. मी सगळ्यांना हेच सांगते."

फोन चालू ठेवूनच रद्द करण्याचा अर्ज उघडला. कारण विचारलं होतं, यादीतून निवडायचं. व्यवसाय बंद. निवडलं. कधीपासून, ते टाकलं. शिल्लक माल, शून्य. खरं तर शिल्लक काय काय होतं ते त्या रकान्यात मावलं नसतं.

मग एक रकाना आला जो मी लोकांसाठी शंभरदा भरला असेल: यापुढच्या पत्रव्यवहाराचा पत्ता. त्याच्या शेजारी एक चौकोन असतो, "वरीलप्रमाणेच". त्यावर टिचकी मारली की नोंदणीतला पत्ता आपोआप उतरतो. मी नेहमी तेच करते. गाळा, भवानी पेठ, सोलापूर, महाराष्ट्र. बाण त्या चौकोनावर नेऊन ठेवला आणि हात थांबला.

"काय झालं?" तो म्हणाला. "साइट अडकली का?"

"न्हाय. पत्ता मागतायत. तुला पत्र कुठं पाठवायचं ते."

"मग टाक की."

"मला माहीत न्हाय तो."

खरंच माहीत नव्हता. त्याचा पॅन पाठ, नंबर पाठ, पासवर्ड पाठ. तो कुठल्या गल्लीत राहतो, कितव्या मजल्यावर राहतो, ते मी तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तो तिथं राहतो असं झालं असतं.

तो हळूहळू सांगू लागला, लिहायला वेळ मिळावा म्हणून ओटीपी सांगायचा तसा एकेक शब्द तोडून. घर नंबर. दुसरा मजला. गल्लीचं नाव कानडी होतं, मला नीट लिहिता येईना, त्यानं एकेक अक्षर सांगितलं. मध्येच म्हणाला, "खाली पिठाची गिरणी आहे, कुणालाही विचारलं तरी दाखवेल." असं अर्जात कुठे लिहायचं नसतं. मी शेजारच्या वहीत लिहून घेतलं.